लोप की समीकरण?

‘सप्त’ या शब्दातील ‘प्’चा लोप होऊन ‘सात’ झाला, असे विवरण विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून वारंवार आढळते. ते सदोष आहे. केवळ आदिरूप व अंत्यरूप यांची तुलना करून ध्वनिपरिवर्तनाचा प्रकार ठरविता येत नाही. मधली रूपे पाहावी लागतात.

प्राकृतात ‘सत्त’ असे रूप आहे. ‘प्’ हा पुढील ‘त’सारखा झाला, हे समीकरण होय. पुढे मराठीत त्या द्वित्वातील एक ‘त्’ गळाला, हा लोप. आणि त्याची भरपाई मागील अकार दीर्घ होऊन झाली. ‘प्’ नुसताच गळाला असता, तर या दीर्घत्वाची उपपत्ती लागली नसती. ‘सत्तावीस’मध्ये ते द्वित्व अद्याप ऐकू येते.

‘रत्न’ मात्र निराळ्या वाटेने गेले. त्याच्या जोडाक्षरात अकार शिरला, ही स्वरभक्ती. त्यामुळे ‘त्’ दोन स्वरांमध्ये सापडला आणि प्राकृताच्या नियमानुसार लोप पावून ‘रअण’ सिद्ध झाले. येथील लोप स्वरभक्तीवाचून संभवतच नाही.

‘वाराणसी’चे प्राकृत रूप ‘वाणारसी’. येथे वर्ण वाढला नाही वा घटला नाही. ‘र’ व ‘ण’ यांनी केवळ स्थाने बदलली. हा वर्णविपर्यय दोन रूपांच्या तुलनेनेही ओळखता येतो.

सारांश, ही नावे एकेका अवस्थांतराची आहेत. संबंध शब्दास एकच नाव देऊन भागत नाही.