वेग नसलेल्यांनाच वाचता येणारा फलक

डोंबिवलीहून कल्याण-शीळ रस्त्याला लागून काटई नाक्याकडे जाताना, मानपाड्याच्या पुढे डाव्या हाताच्या एका खांबावर गेल्या जानेवारीत एक फलक लागला होता. जानेवारी हा रस्ता सुरक्षेच्या मोहिमांचा काळ, तेव्हा त्यात नवल काही नव्हते. वरच्या पट्टीत चार हसरे चेहरे, खालच्या पट्टीत नावे आणि दोन बोधचिन्हे, आणि मधल्या जागेत एक वाक्य: ‘मोबाईलवर बोलत वाहन चालवून स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालू नका.’ तो कोणी लावला हे इथे महत्त्वाचे नाही. असे फलक सगळेच लावतात, आणि लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

या रस्त्यावरून मी आठवड्यातून चार-पाच वेळा जातो. तीन आठवडे तो फलक मला दिसत होता. पण त्यावर काय लिहिले आहे ते कळले ते एका संध्याकाळी, पुढचा ट्रेलर आडवा झाल्याने वीस मिनिटे गाडी जागची हलली नाही तेव्हा. त्या दिवशी फलक अथपासून इतिपर्यंत वाचला आणि प्रश्न पडला: मजकुराची समीक्षा आपण टेबलावर ठेवून करतो, पण जो मजकूर पन्नासच्या वेगाने वाचायचा आहे त्याची समीक्षा कुठे बसून करायची?

एका रविवारी सकाळी भाच्याला घेऊन, मोजपट्टी खिशात टाकून मी तिथे गेलो. फलक साधारण तीन फूट रुंद आणि पाच फूट उंच. मधल्या वाक्यातले अक्षर, वरखालच्या मात्रा सोडून, ८ सेंटिमीटर उंच. हातभर अंतरावरून ते भलतेच मोठे वाटते. छापखान्यातही ते मोठेच वाटले असणार.

पण लांबून वाचताना अक्षराची उंची हा दुय्यम मुद्दा असतो. निर्णय लावते ती अक्षरातली सर्वांत बारीक फट, जी बुजली की एक अक्षर दुसऱ्यासारखे दिसू लागते. देवनागरीत अशा जोड्या बऱ्याच आहेत: भ आणि म, घ आणि ध. या वाक्यात तर ‘धोक्यात’ आणि ‘घालू’ शेजारीशेजारीच बसले आहेत. ‘ध’च्या डोक्यावर शिरोरेषा जिथे तुटते, ती फट या फलकावर १ सेंटिमीटरची निघाली. अक्षर फारच जाड घेतल्याने ती आणखी अरुंद झाली होती. जाड अक्षर लांबून चांगले दिसते हा समज इथे उलटतो. काळा ऐवज वाढतो तसा आतला पांढरा अवकाश कमी होतो, आणि अक्षर ओळखू येते ते त्या अवकाशामुळेच.

निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढी फट ओळखता येते, असे नेत्रतपासणीचे गृहीत आहे. याचा सोपा हिशेब असा: १ सेंटिमीटरची फट जास्तीत जास्त ३४ मीटरवरून दिसते, २ सेंटिमीटरची ६८ मीटरवरून. म्हणजे आपला फलक स्वच्छ उन्हात, स्थिर उभ्या माणसाला, उत्तम नजरेने ३४ मीटरवर वाचता येऊ लागतो. त्यापलीकडे शिरोरेषेचे पट्टे दिसतात. ओळखीचे शब्द संदर्भाने आधी लागतात हे खरे, ‘अपघात’ कोणी ‘अपधात’ वाचत नाही. पण धूळ, संध्याकाळ आणि चाळिशीचे डोळे तेवढेच अंतर परत कापून घेतात.

ही झाली वाचनाची सुरुवात. वाचन संपते कुठे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. फलक रस्त्याच्या कडेला असतो, त्यामुळे गाडी जवळ येते तसा तो नजरेच्या रेषेपासून बाजूला सरकत जातो. डोळ्याचा नेमके वाचू शकणारा भाग अगदी लहान, दोनेक अंशांचा. म्हणून वाचायचे तर डोळे रस्त्यावरून काढून फलकावर न्यावेच लागतात. चालकाला रस्त्याची जाण ठेवून नजर १५ अंशांपर्यंत वळवता येते असे उदारपणे धरू. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि हा खांब डावीकडे पदपथावर, दोघांत आडवे अंतर सुमारे ६ मीटर. तेव्हा फलक २२ मीटरवर आला की त्या १५ अंशांच्या बाहेर जातो.

म्हणजे ३४ मीटरवर वाचन सुरू आणि २२ मीटरवर बंद. हाती उरले १२ मीटर. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. वाचकाला एक सेकंदसुद्धा मिळत नाही.

सेकंदाला तीन शब्द असा वेग धरला, तर अकरा शब्दांना पावणेचार सेकंद लागतील. मिळालेल्या वेळात हाती येतात जेमतेम पहिले तीन शब्द: ‘मोबाईलवर बोलत वाहन’. इथे मराठीचा स्वभाव आडवा येतो. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर. ‘घालू’पर्यंत वाचले तरी ‘नका’ राहून जातो. घरात, सभेत, पुस्तकात या रचनेने काही बिघडत नाही, कारण वाक्य पुरे होणार याची खात्री असते. रस्त्यावर ती खात्री नाही. ज्या शब्दावर सगळी सूचना टांगली आहे तोच सर्वांत उशिरा येतो.

भाच्याला मी चाचणीचा हेतू सांगितला नव्हता. परतताना रहदारी मोकळी होती. तो शेजारी बसला होता, त्याला म्हटले, ‘डावीकडचा फलक वाच.’ फलक मागे गेल्यावर तो म्हणाला, ‘मामा, मोबाईलचं काहीतरी आहे. चार माणसांचे फोटो आहेत. कंपनीची जाहिरात आहे का?’ त्याचे वय एकोणीस, चष्मा नाही, आणि गाडी तो चालवत नव्हता.

ही चाचणी चालकाने स्वतः करायची नाही, हे वेगळे सांगायला हवे. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की नजर रस्त्यावरून दोन सेकंदांहून जास्त हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका निदान दुप्पट होतो. आपला फलक पुरा वाचायचा ठरवले तर चालकाची नजर यापेक्षा जास्त वेळ हटेल. मोबाईलकडे पाहू नका असे सांगण्यासाठी तो मोबाईलइतकाच वेळ मागतो, हा माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

वाचणाऱ्याला धोक्यात न घालता मोजायची युक्ती जुनी आहे. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये रस्त्यांच्या पाट्यांचे अक्षर ठरवताना किनिअर आणि कॅल्व्हर्ट यांचे साधे, लहान लिपीतले अक्षर घ्यायचे की किंडर्सली यांचे मोठ्या लिपीतले, असा वाद झाला. तेव्हा बेन्सनच्या विमानतळावर स्वयंसेवकांना एका जागी बसवले आणि पाट्या गाडीच्या टपावर लावून त्यांच्या दिशेने आणल्या. दोन अक्षरांतला फरक काही टक्क्यांचाच निघाला, आणि अखेर किनिअर-कॅल्व्हर्ट यांचे अक्षर दिसायला बरे म्हणून राहिले. निकालापेक्षा मला रीत महत्त्वाची वाटते: वाचक स्थिर आणि मजकूर हलता.

आपल्याला विमानतळ नको. छापण्याआधी फलकाचे चित्र कागदावर १.६ सेंटिमीटर रुंद करून घ्यावे आणि हातभर, म्हणजे ६० सेंटिमीटर, लांब धरावे. तीन फुटी फलक ३४ मीटरवरून एवढाच दिसतो. ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही अशाला तो एक सेकंद दाखवून झाकावा आणि ‘काय लिहिले आहे’ असे न विचारता ‘काय करायला सांगितले आहे’ असे विचारावे. चालत्या गाडीतून मोबाईलवर चित्रण करून मात्र निष्कर्ष काढू नये. मोबाईलची रुंद भिंग डोळ्यापेक्षा कमी तपशील टिपते आणि चांगला फलकही नापास करते.

या कसोटीवर मी घरी एक पर्याय करून पाहिला. त्याच आकाराच्या जागेत दोन ओळींत दोनच शब्द: ‘फोन नंतर’. चेहरे आणि नावे काढली, तेव्हा अक्षर २४ सेंटिमीटरचे बसले आणि सर्वांत बारीक फट ३ सेंटिमीटरची झाली. आता वाचन १०२ मीटरवर सुरू होते आणि २२ मीटरवर संपते. मधल्या ८० मीटरना पावणेसहा सेकंद लागतात, आणि वाचायला हवा एक सेकंदाहून कमी. चालक त्याला सोयीच्या क्षणी एकदा पाहील आणि नजर रस्त्यावर परत नेईल. शिवाय ‘नका’ उरलाच नाही. जुना फलक आहे तसा दुभाजकावर, चालकापासून तीन मीटरवर नेला तरी वेळ जवळजवळ दुप्पट होतो. पण तो एक-दीड सेकंदाच्या आसपासच राहतो. जागा बदलून अकरा शब्द पेलत नाहीत.

यावर एक रास्त उत्तर आहे. रोज जाणारा माणूस फलक तुकड्यातुकड्याने वाचतो, महिन्याभरात वाक्य पुरे होते. पायी जाणारे आणि कोंडीत थांबलेले तर वाचतातच. हे खरे आहे. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर हाच फलक लावला तर शेकडो जण तो शेवटच्या ‘नका’पर्यंत वाचतील, कारण तिथे कोणी पाऊलभर पुढे सरकत नाही. पण ‘वाहन चालवून’ हे शब्द ज्याला उद्देशून आहेत तो चालता चालक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची अधिकृत पाट्यांसाठीची संहिता अक्षराचा आकार रस्त्याच्या वेगाशी जोडते. मोहिमेच्या फलकाला ती संहिता कोणी लावत नाही, म्हणून त्याचा आकार वेगाऐवजी चेहऱ्यांच्या संख्येवर ठरतो.

वाचता आलेला फलक पाळला जातो का, हे या मोजपट्टीने कळत नाही. तो पुढचा आणि अवघड प्रश्न आहे. पण जो वाचताच येत नाही त्याच्याबाबत तो प्रश्न उद्भवतच नाही. मानपाड्याचा तो फलक मार्चमध्ये उतरला आणि त्याच खांबावर, त्याच मापाचा, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक आला. त्याच्यावरचे नाव मात्र मला धावत्या गाडीतून, लांबूनच वाचता आले.