कडक पोलिसाला घाबरू नका, मवाळ पोलिसाची वेळ बघा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी पुण्यात मी वन बीएचके शोधत होते. तेव्हा वाटाघाटीबद्दल मी दोन पुस्तकं वाचलेली होती आणि 'गुड कॉप-बॅड कॉप' म्हणजे काय हे मला माहीत होतं. एक जण कडक बोलतो, दुसरा मवाळ बोलतो, आणि आपण मवाळ माणसाच्या पदरात जाऊन पडतो. माहीत असूनही मी पडलेच. नंतर या विषयावरचे मूळ पेपर काढून वाचले, तेव्हा लक्षात आलं की नेहमीचा सल्ला बरोबर असला तरी त्याचा नेम चुकलेला आहे. पुस्तकं आपल्याला कडक माणसापासून सावध करतात. प्रयोगांनुसार धोका असतो तो कडक माणूस खोलीबाहेर गेल्यावर.

आधी माझा हिशोब सांगते, म्हणजे पेपर समजायला सोपे जातील. मी बजेट 18,000 ठरवलं होतं आणि त्या भागात तशी घरं दिसतही होती. ब्रोकरने घरमालकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मालक म्हणाले, "24 च्या खाली नाही. आणि बॅचलर मुली मला नकोच आहेत, आधीच्यांनी फार त्रास दिलाय." फोन बंद झाला. ब्रोकर हळू आवाजात म्हणाला, "ताई, काका तापट आहेत, पण माझं ऐकतात. 21 मध्ये बसवून देतो. फक्त टोकन आत्ता द्या, म्हणजे मला बोलायला तोंड राहील." मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच 5,000 पाठवले. बजेटपेक्षा महिन्याला 3,000 जास्त, अकरा महिन्यांचे 33,000. घरी जाताना तर वाटत होतं, माझे 3,000 वाचले!

आता पेपरकडे येऊ. 1993 मध्ये हिल्टी आणि कार्नेव्हेल यांनी हाच डाव प्रयोगात घेतला. समोरचा आधी कडक आणि मग मवाळ, की आधी मवाळ आणि मग कडक, असा क्रम त्यांनी बदलून पाहिला. आधी कडक, मग मवाळ या क्रमाला लोक जास्त सवलती देतात असं दिसलं. पुढे 2000 साली ब्रॉट आणि तुचिन्स्की यांनी दोन माणसांच्या टीमवर काम केलं, तिथेही क्रमच महत्त्वाचा ठरला. म्हणजे मवाळ माणसाचा गोडवा त्याच्या स्वतःच्या बोलण्यात नसतो, तो आधीच्या माणसाशी केलेल्या तुलनेतून येतो. 21 हा आकडा 24 च्या शेजारी ठेवला म्हणून स्वस्त वाटतो. 18 च्या शेजारी ठेवून बघा.

पण निव्वळ तुलनेने सगळं समजत नाही. मला ते 5,000 *त्याच मिनिटाला* का द्यावेसे वाटले? याचं उत्तर मला वाटाघाटीच्या पुस्तकात मिळालं नाही, रस्त्यावर केलेल्या एका प्रयोगात मिळालं. पोलंडमध्ये डोलिन्स्की आणि नाव्रात या संशोधकांनी (पेपर 1998 चा) चुकीच्या ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्यांच्या मागे पोलिसासारखी शिट्टी वाजवली. माणूस दचकून वळतो, पोलीस कुठेच नाही, सुटलो! नेमकं तेव्हा कोणीतरी येऊन छोटीशी विनंती करतं. असे लोक इतरांपेक्षा जास्त वेळा 'हो' म्हणाले. दुसऱ्या प्रयोगात गाडीच्या वायपरखाली दंडाच्या पावतीसारखा कागद ठेवला होता. ती पावती नाही हे कळून ज्यांना हायसं वाटलं, ते विनंतीला जास्त तयार झाले. ज्यांची भीती तशीच राहिली, ते मात्र नेहमीपेक्षाही कमी तयार झाले.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण नेहमीच्या सल्ल्यातून नेमकं हेच निसटतं. भीती वाटत असताना माणूस 'नाही' म्हणतो. म्हणजे घरमालक काकांनी एकट्यानेच माझ्याशी बोलणं केलं असतं, तर मी सरळ दुसरं घर बघितलं असतं. काम करते ती सुटका. संशोधकांचं म्हणणं असं की सुटकेच्या त्या क्षणी आपण विनंतीमागचं कारण तपासतच नाही. याच मालिकेत त्यांनी शिट्टीनंतर लोकांकडे पैसे मागितले, आणि कारण म्हणून जवळजवळ अर्थहीन वाक्य दिलं तरी ते चालून गेलं. "म्हणजे मला बोलायला तोंड राहील" हेही तसंच वाक्य आहे. 5,000 दिल्याने त्याला तोंड कसं काय मिळतं, हे मी विचारलंच नाही.

आता कुरतडण्याकडे येते, ज्याला इंग्रजीत निबलिंग म्हणतात. व्यवहार ठरल्यावर, सगळ्यांचे चहा झाल्यावर, एक-एक छोटी मागणी पुढे येते. भाडेकराराच्या दिवशी माझा अंगठा मशीनवर लागायच्या बेतात असताना रंगकामाचे 4,000 निघाले. मग सोसायटीचे सामान आणण्याचे 2,500. मग कराराचा खर्च "आपल्याकडे भाडेकरूच करतो", म्हणजे माझ्या अंदाजापेक्षा 1,500 जास्त. मग मेंटेनन्स महिना 800 वेगळा. एकेक मागणी ऐकताना क्षुल्लक वाटते. बेरीज 16,800, त्यातले 8,800 फक्त मेंटेनन्सचे.

प्रयोगशाळेत याचा जवळचा भाऊ म्हणजे चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा 1978 चा 'लो-बॉल' प्रयोग. विद्यार्थ्यांना एका अभ्यासात भाग घ्यायला विचारलं. सकाळी 7 ची वेळ आधीच सांगितली तेव्हा 31 टक्के हो म्हणाले. आधी होकार घेतला आणि वेळ नंतर सांगितली, तेव्हा 56 टक्के. वेळ तीच, फक्त ती सांगण्याचा क्षण बदलला.

बहुतेक पुस्तकं याचं कारण 'सातत्य राखायची ओढ' असं सांगून पुढे जातात. मला ते अपुरं वाटतं. 1981 मध्ये बर्गर आणि पेटी यांनी विचारलं की ही बांधिलकी कामाशी असते की माणसाशी? नंतरची, महागलेली विनंती वेगळ्याच माणसाने केली तर? तेव्हा परिणाम उरला नाही. म्हणजे ओझं असतं ते ज्याला 'हो' म्हटलं त्याचं. माझ्याबाबतीत तो माणूस ब्रोकर होता, ज्याने 'माझ्यासाठी' काकांशी भांडण केलं होतं. दोन्ही डाव इथे एकमेकांना जोडले जातात. मवाळ माणूस आधी उपकार जमा करतो आणि नंतर त्याच खात्यातून कुरतडतो. दोन्ही डाव वेगळ्या प्रकरणांत शिकवले, तर हे दिसत नाही.

या संशोधनावर माझा आक्षेपही आहे. लो-बॉलच्या प्रयोगात मागणी एकदाच वाढते. खऱ्या कुरतडण्यात ती चार-पाच वेळा येते, आणि नुकसान बेरजेत असतं. शिवाय वर सांगितलेले प्रयोग माणूस कधी 'हो' म्हणतो ते मोजतात. उत्तर काय द्यावं हे ते तपासत नाहीत. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे तो त्या निष्कर्षांवरून मी काढलेला अंदाज आहे, सिद्ध झालेला इलाज नाही.

फिशर आणि युरी यांच्या 'गेटिंग टू येस' (1981) मध्ये डाव ओळखून तो उघडपणे बोलून दाखवा असा सल्ला आहे. ज्याच्या घरात अकरा महिने राहायचंय त्याला "तुम्ही दोघं नाटक करताय" म्हणणं मला जमणार नाही, आणि तो खरंच तापट असू शकतो! पण त्याच पुस्तकात दुसरा सल्ला आहे तो फार कामाचा: मवाळ माणसालाही तोच प्रश्न विचारा, जो कडक माणसाला विचारला होता. याने नाटक आणि खरा मतभेद वेगळे ओळखता येतात. दोघांचं खरंच पटत नसेल तर मवाळ माणसाकडे स्वतःचं कारण आणि स्वतःचा आकडा असतो. नाटक असेल तर त्याच्याकडे फक्त गैरहजर माणसाचा राग आणि घाई असते.

दीड वर्षाने दुसरं घर बघितलं, तेव्हा हे वापरून पाहिलं. पुन्हा स्पीकर, पुन्हा "22 च्या खाली बोलू नका", पुन्हा "ताई, मी 20 करून देतो, टोकन टाका". मी विचारलं, "दादा, 20 कुठून आला? याच सोसायटीत मागच्या दोन-तीन महिन्यांत असाच फ्लॅट कितीला गेला?" तो म्हणाला, "मार्केटच तसं चाललंय." मी म्हटलं, "ठीक आहे, उद्या सकाळी 11 ला सांगते." आवाज चढवला नाही, कारणही दिलं नाही. हायसं वाटलं तर मला वाटलंच, माहिती असल्याने ते थांबत नाही. फक्त त्या भावनेत असताना पैसे पाठवले नाहीत. दुसऱ्या दिवशी 18,500 ठरलं. याआधीचा एक फ्लॅट मात्र याच 'उद्या'मुळे हातचा गेला होता, तेही सांगायला हवं. घराला खरंच रांग असेल तर थांबण्याची किंमत पडते.

टोकनआधी मी एकच मेसेज ब्रोकर आणि मालक दोघांना पाठवला: भाडं, डिपॉझिट, ब्रोकरेज, मेंटेनन्स कोणाकडे, रंगकाम कोणाकडे, कराराचा खर्च निम्मा-निम्मा, नोटीस एक महिना. खाली लिहिलं, "याशिवाय काही असेल तर आज सांगा." मालकांनाही पाठवला, कारण बर्गर-पेटी वाचल्यावर मला ब्रोकरशिवायचा दुसरा माणूस हवा होता. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे (1999 चा भाडे नियंत्रण कायदा, कलम 55), हेही तेव्हा माहीत करून घेतलं. त्यामुळे "करार तुमच्यासाठीच करतोय" हे वाक्य ऐकल्यावर मी ओशाळले नाही.

कराराच्या दिवशी "डीप क्लीनिंगचे 3,000" आलेच. मी मेसेज उघडून म्हटलं, "काका, हे यात नाहीये. घालायचं असेल तर घालू, मग लॉक-इन सहाऐवजी तीन महिने करू या का?" कुरतडण्याची सोय ती फुकट असते म्हणून असते. बदल्यात काही मागितलं की मागणाऱ्यालाच ठरवावं लागतं की ती गोष्ट त्याला खरंच हवी आहे का. काका हसले आणि म्हणाले, "राहू दे, मी बाई सांगतो." सोसायटीच्या फॉर्मचे 500 मात्र यादीत नसूनही मी दिले, कारण ते खरोखरच विसरले होते आणि पावती दाखवली. ब्रोकर जाताना म्हणाला, "ताई, तुम्ही वकिलीचा अभ्यास करताय का?" मी म्हटलं, "नाही हो, केमिस्ट्री."