‘डन’नंतरची मेल

आधी मूळ संहिता पाहू. नाशिकच्या एका कारखान्याच्या एचआर मॅडमना एका डिझाइन इंजिनिअरने पाठवलेला मेसेज असा : “मॅडम, ऑफर बघितली, एकदम डन! महिनाअखेर सुटतो इथून, मग लगेच जॉइन. ९ चं बोललो तेच ना? शनिवारचंही ठरलं तसं.” चारही वाक्यांत आनंद आहे, पण नक्की काय ठरले ते एकातही नाही. त्याच रात्री त्याने मेल लिहिली :

“आपले १२ जूनचे नियुक्तिपत्र मिळाले. त्यातील अटींवर मी डिझाइन इंजिनिअर हे पद स्वीकारतो. पत्रानुसार वार्षिक सीटीसी ९,००,००० रुपये असून त्यातील ८,१०,००० निश्चित व ९०,००० कामगिरीवर अवलंबून आहेत. सध्याच्या कंपनीतील माझा शेवटचा दिवस गुरुवार, ३१ जुलै आहे; मी सोमवार, ४ ऑगस्टला रुजू होईन. दुसऱ्या व चौथ्या शनिवारच्या सुट्टीबद्दल आपले फोनवर बोलणे झाले होते. पत्रात तिचा उल्लेख दिसला नाही. कृपया लेखी कळवावे.”

‘९ चं’ या सैल शब्दाची मेलमध्ये झालेली फोड पाहण्यासारखी आहे. नऊ लाखांना बाराने भागून पंचाहत्तर हजारांची स्वप्ने पाहणारे पुष्कळ. इथे महिन्याला निश्चित ६७,५०० च येतात. त्यातच कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरली असेल, तर हातात आणखी कमी. ‘पत्रानुसार’ हा शब्दही चतुर आहे. आकडा उमेदवाराने सांगितलेला नाही, कंपनीनेच लिहिलेला आहे, हे तो नम्रपणे नोंदवून ठेवतो.

‘लगेच’चा सोमवार झाला, तारखेशेजारी वार आला. मधल्या शुक्रवारी रिलीव्हिंग लेटरसाठी खेटे घालायला वाव राहिला.

पण या मेलचा खरा कस शनिवारच्या वाक्यात आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७ सांगते की स्वीकार निखळ आणि बिनशर्त हवा. “दोन शनिवार सुट्टी मिळणार असेल तर स्वीकारतो” असे लिहिले असते, तर तो स्वीकार न राहता नवा प्रस्ताव ठरला असता आणि ‘हो’ म्हणायचे की नाही हे पुन्हा कंपनीच्या हाती गेले असते. त्याने आधी स्वीकार पूर्ण केला, पूर्णविराम दिला आणि मग शनिवार वेगळा विचारला. रचना देखणी आहे, पण तिची किंमतही आहे : मॅडमनी “असे काही ठरले नव्हते” असे उत्तर दिले, तरी त्याचा होकार उभाच राहतो. शनिवारवाचून नोकरीच नको असती, तर हे वाक्य स्वीकाराच्या मेलमध्ये शोभले नसते. ‘डन’ म्हणण्याआधीच ते वेगळे पाठवायला हवे होते.