हुकूम आणि हकीम: कोश जिथे थांबतो तिथून पुढे

माधव जूलियन म्हणजे मा. त्रिं. पटवर्धन यांचा 'फार्शी-मराठी कोश' (1925) पुण्यात मराठी शब्दांवर काम करणाऱ्या कुणालाही टाळता येत नाही. मराठी रूपामागचं फारसी-अरबी रूप शोधायला तो आजही उपयोगी आहे. माझी तक्रार कोशाबद्दल कमी आणि आपण तो कसा वापरतो याबद्दल जास्त आहे. 'हुकूम, अरबी' एवढं टिपून आपण पुढे जातो. खरं तर व्युत्पत्ती तिथे सुरू होते.

हुकूम, हाकीम (अधिकारी) आणि हकीम (वैद्य) या तिघांत ह-क-म ही तीनच व्यंजनं कायम आहेत. स्वरांचा साचा बदलला की अर्थाचं काम बदलतं. हाकीमचा साचा कर्त्याचा, कातिबसारखा. हकीमचा साचा गुणाचा. 'म' पुढे लागून झालेला महकमा स्थळाचा, मदरशासारखा. वर्णानुक्रमाच्या कोशात हा महकमा थेट 'म'मध्ये जातो आणि घराणं फुटतं.

आता प्रश्न असा, की आज्ञा आणि वैद्य एका मुळातून कसे? इथे शेजारच्या भाषा लागतात. हिब्रूत 'हाखाम' म्हणजे शहाणा, अरमाइकमध्येही 'हक्कीम' म्हणजे शहाणाच. मग साखळी सुचते: शहाणा, म्हणून वैद्य, शहाणा, म्हणून निवाडा करणारा, आणि निवाड्यातून आज्ञा.

सुंदर आहे, पण सिद्ध आहे का? यासाठी ध्वनिनियम तपासायचे. अरबी 'सलाम'ला हिब्रूत 'शालोम' आहे. स-ला श आणि दीर्घ आ-ला ओ ही जोडी इतर शब्दांतही नियमाने दिसते, म्हणून ते सख्खे. ह-क-म मात्र तिन्ही भाषांत जवळपास जसंच्या तसं राहतं. त्यामुळे वारसा की उसनवारी, हे ध्वनीवरून ठरत नाही. अरबीतला 'शहाणपण' हा अर्थ अरमाइकमधून आला असावा, असं काही अभ्यासक मानतात.

मग जुन्या अक्कादीकडे जावं. तिथे 'खकामु' म्हणजे समजणं. पुरावा मिळाला म्हणून आपण खूश होतो, आणि नेमकं इथेच फसतो. अरबीतला हा घशातला ह अक्कादीत सहसा गळतो. हमामच्या मुळाशी असलेला 'गरम' हा अर्थ अक्कादीत 'एम्मु' या शब्दात दिसतो, सुरुवातीचा ह नाहीसा होऊन. मग खकामुत 'ख' कसा उरला? बहुधा तो शब्द पश्चिमेकडच्या सेमिटिक भाषेतून उसना आला. म्हणजे त्याला स्वतंत्र साक्षीदार धरता येत नाही.

तेव्हा टिपणात तीन गोष्टी वेगळ्या लिहा: मराठीत शब्द कुठून आला (फारसीमार्गे), अरबीत त्याचं मूळ आणि साचा कोणता, आणि सेमिटिक नातं नियमाने जुळतं की नुसतं दिसायला सारखं आहे. हुकूमच्या बाबतीत पहिल्या दोन ओळी पक्क्या आहेत. तिसरीपुढे मी पेन्सिलीने 'संभाव्य' लिहिलंय.