डेनाली की मॅकिन्ली, हा प्रश्नच अर्धा आहे

गेल्या उन्हाळ्यात मी अलास्कातल्या टॅलकीटना या छोट्या गावी गेले होते. उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच पर्वत, ६,१९० मीटरचा, तिथल्या नदीकाठावरून दिसतो. म्हणजे ढगांनी दिसू दिला तर. माझ्या फोनच्या नकाशात त्याचं नाव होतं माउंट मॅकिन्ली. ज्या राष्ट्रीय उद्यानात तो उभा आहे त्याचं नाव मात्र डेनाली. आणि गावातले लोक या दोन्हींपैकी काहीच म्हणत नव्हते. ते नुसतं म्हणायचे, 'आज डोंगर दिसतोय.' नाशिकची माणसं गोदावरीला नुसतं 'गंगा' म्हणतात, तसंच हे. रोज समोर असलेल्या गोष्टीला लांबचं, पूर्ण नाव लागत नाही. ते लागतं नकाशाला.

या पर्वताच्या नावाची गोष्ट अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बातम्यांतून ऐकली आहे. मूळ नाव डेनाली, गोऱ्यांनी मॅकिन्ली केलं, २०१५ मध्ये ओबामांच्या काळात परत डेनाली झालं, २०२५ मध्ये ट्रम्पनी पुन्हा मॅकिन्ली केलं. यातली प्रत्येक पायरी खरी आहे. पण ही गोष्ट सांगण्याची पद्धत मला खटकते, कारण तिच्यात एक गृहीत धरलेलं आहे: पर्वताला मुळात एक नाव होतं. तसं नव्हतं.

पर्वताभोवती अथाबास्कन कुळातल्या पाच भाषा बोलल्या जातात, आणि प्रत्येकीत त्याचं स्वतःचं नाव आहे. जेम्स कारी या भाषावैज्ञानिकाने ही नावं अनेक वर्षं खपून नोंदवली, आणि त्यातून एक छान गोष्ट दिसते. उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या बाजूला राहणाऱ्यांची नावं 'उंच' या अर्थाच्या धातूवरून येतात. कोयुकॉन भाषेतलं दीनाली हे त्यातलंच, म्हणजे 'तो उंच'. दक्षिणेला राहणाऱ्या देनाइना लोकांचं नाव मात्र द्घेलाय काआ, म्हणजे 'मोठा डोंगर'. शेजारच्या आहत्ना भाषेतलं नावही याच अर्थाचं. रशियन लोक आले तेव्हा त्यांनीही त्याला बोल्शाया गोरा म्हटलं. त्याचा अर्थसुद्धा 'मोठा डोंगर'च.

आता टॅलकीटना हे गाव पर्वताच्या दक्षिणेला आहे. म्हणजे मी जिथे उभी होते ती जमीन 'द्घेलाय काआ' म्हणणाऱ्यांची. तिथे उभं राहून 'खरं नाव डेनाली' असं म्हणणं म्हणजे एका शेजाऱ्याचं नाव दुसऱ्याच्या अंगणात लावण्यासारखं आहे.

मग पाचांतलं कोयुकॉन नावच पुढे कसं आलं? याचं एक कारण, कोण कुठल्या बाजूने आलं हे आहे. १९१३ मध्ये हडसन स्टक या पाद्र्याच्या तुकडीने पहिल्यांदा मुख्य शिखर गाठलं. सर्वांत आधी माथ्यावर पाय ठेवला तो वॉल्टर हार्परने, ज्याची आई कोयुकॉन होती. स्टकचं काम यूकॉन नदीच्या खोऱ्यात, म्हणजे उत्तरेकडे होतं. पुढच्या वर्षी आलेल्या आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्याने मूळ नाव परत द्या अशी विनंती केली, आणि त्याच्या दृष्टीने ते नाव होतं डेनाली. मागणी रास्तच होती. पण तो दक्षिणेच्या खोऱ्यात काम करत असता, तर कदाचित आज आपण वेगळ्याच शब्दासाठी भांडत असतो.

मॅकिन्ली हे नाव तर याहून योगायोगाचं. १८९६ मध्ये विल्यम डिकी नावाचा सोनं शोधणारा तिथे फिरत होता. परत येताना त्याला कळलं, की विल्यम मॅकिन्लीला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली आहे. मॅकिन्ली सुवर्णमानाचा पुरस्कर्ता होता, आणि डिकीला ते पटत होतं. त्याने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात पर्वताचं वर्णन लिहिलं, त्यात हे नाव दिलं, आणि ते चिकटलं. मॅकिन्ली स्वतः अलास्कात कधीच गेला नाही. १९१७ मध्ये काँग्रेसने उद्यानाचा कायदा केला तोही याच नावाने.

इथून पुढे नाव कोण ठरवतं हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. अमेरिकेत १८९० पासून भौगोलिक नावांचं एक संघीय मंडळ आहे. वेगवेगळे सर्वेक्षक एकाच जागेला वेगवेगळी नावं देत होते, तो गोंधळ मिटवायला ते बनलं. त्याचा मूळ नियम साधा आहे: सरकारी वापरात एका जागेला एकच अधिकृत नाव. बाकीची नावं नोंदीत 'पर्यायी' म्हणून राहतात, नकाशावर छापली जात नाहीत. मंडळाचं दुसरं तत्त्व असं, की स्थानिक वापराला वजन द्यावं.

या दुसऱ्या तत्त्वाचं काय होतं ते बघा. १९७५ मध्ये अलास्का राज्याने डेनाली हे नाव स्वीकारलं आणि संघीय मंडळाकडे तशीच मागणी केली. मंडळाचा एक संकेत होता, की ज्या नावाबद्दल काँग्रेसमध्ये विधेयक पडून आहे त्यावर आपण निर्णय घ्यायचा नाही. मॅकिन्लीच्या गावाकडचे, ओहायोचे खासदार राल्फ रेगुला यांनी हे हेरलं. मॅकिन्ली नाव कायम ठेवणारं विधेयक ते पुन्हा पुन्हा मांडत राहिले. ते मंजूर व्हायची गरजच नव्हती, नुसतं पडून राहिलं तरी पुरे. १९८० मध्ये उद्यानाचं नाव डेनाली झालं, पण पर्वताचं चाळीस वर्षं अडकलं. शेवटी २०१५ मध्ये गृहमंत्री सॅली ज्युएल यांनी १९४७ च्या कायद्यातली एक तरतूद वापरली: मंडळाने वाजवी मुदतीत निर्णय घेतला नाही तर मंत्री घेऊ शकतात. दहा वर्षांनी एका अध्यक्षीय आदेशाने ते उलटलं. त्या आदेशाने उद्यानाच्या नावाला हात लावला नाही, म्हणून आजची ही विसंगती.

आणि फोनमधला नकाशा? तो सरकारी नोंदीच्या मागे जातो. त्याच आदेशात मेक्सिकोच्या आखाताचंही नाव बदललं होतं. गूगलने तिथे अमेरिकेत एक नाव, मेक्सिकोत दुसरं आणि इतरत्र दोन्ही दाखवली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आखाताचं जुनं नाव ठेवलं, पण पर्वताचं नवं स्वीकारलं. कारण दिलं, की पर्वत पूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत आहे. मला हे कारण फार बोलकं वाटतं. आखातासाठी हरकत घ्यायला दुसरं सरकार होतं. कोयुकॉन किंवा देनाइना भाषेच्या मागे तसं सरकार नाही. म्हणजे नकाशा 'लोक याला काय म्हणतात' हे विचारत नाही, 'ही हद्द कोणाची' हे विचारतो.

एकच नाव हवं, हा हट्ट व्यवहारासाठी आहे असं सांगितलं जातं: बचावपथकाचा गोंधळ व्हायला नको. पण बचावाचं हेलिकॉप्टर अक्षांश-रेखांशांवर जातं. न्यूझीलंडने १९९८ मध्ये आपल्या सर्वांत उंच पर्वताचं अधिकृत नाव आओराकी/माउंट कुक असं जोडनाव केलं, आणि तिथे कोणी त्यामुळे हरवत नाही.

माझं मत विचाराल तर दोन नावांतून निवडायचं असेल तर मी डेनालीच म्हणेन. शंभर वर्षांहून जास्त काळ अलास्कातल्या लोकांनी ते आपलं मानलंय. पण ते म्हणताना पाचांतलं एक निवडतोय, हे लक्षात असू द्यावं. कुठल्याही नकाशावर पर्वताचं किंवा नदीचं नाव वाचलं, की मी आता विचारते: हे कुठल्या बाजूने पाहणाऱ्याने ठेवलंय? टॅलकीटनात त्याचं उत्तर फोनमध्ये नव्हतं, उद्यानाच्या पाटीवरही नव्हतं.